झाकण नसलेले पुठ्ठ्याचे खोके: महत्तम घनफळ काढण्याआधी x चा प्रांत ठरवा

आयताकृती पुठ्ठ्याच्या चारही कोपऱ्यांतून सारख्या मापाचे चौरस कापून टाकायचे, उरलेल्या चार पट्ट्या वर दुमडायच्या आणि झाकण नसलेले खोके तयार करायचे. चौरसाची बाजू किती घेतली तर खोक्याचे घनफळ सर्वांत जास्त होईल, हा प्रश्न. विकलन शिकवताना तो हमखास येतो आणि हमखास अर्धवट सुटतो. विकलज बहुतेकांचा बरोबर येतो, वर्गसमीकरणही सुटते. मग x च्या दोन किमती समोर येतात आणि एकीवर "शक्य नाही" असे लिहून काट मारली जाते. का शक्य नाही, ते लिहिलेले नसते. प्रांत म्हणजे x ला घेता येतील अशा सगळ्या किमती. तो शेवटच्या ओळीत कुठेतरी चिकटवलेला असतो, आणि कधीकधी चुकीचाही असतो.

या लेखात सगळा हिशोब एकाच पुठ्ठ्यावर करू: लांबी 42 सेमी, रुंदी 32 सेमी. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करायच्या आहेत. तिसरी पायरी मागे ढकलली की पुढची सगळी गणिते लंगडी होतात.

## पायरी 1: आकृती काढा आणि x कशाला म्हणायचे ते लिहा

42 × 32 चा आयत काढा. चारही कोपऱ्यांत छोटे चौरस काढून ते रेघांनी भरा. हा भाग कापून जाणार आहे. आत ठिपक्यांच्या रेषांनी एक आयत दाखवा. ठिपक्यांच्या रेषांवर घडी पडेल आणि आतला आयत खोक्याचा तळ होईल.

मग एक पूर्ण वाक्य लिहा: "कापलेल्या प्रत्येक चौरसाची बाजू x सेमी मानू." नुसते "x मानू" पुरत नाही. काही जण मनात x म्हणजे खोक्याची उंची धरतात, काही जण तळाची रुंदी धरतात. या आकृतीत चौरसाची बाजू आणि खोक्याची उंची एकच असते, म्हणून पहिल्या गोंधळाने नुकसान होत नाही. दुसऱ्या गोंधळाने सगळे बिघडते.

लक्षात ठेवा: लांबी सेमीमध्ये आणि रुंदी मिमीमध्ये दिली असेल तर आकृतीवर आकडे लिहिण्यापूर्वीच एकक एक करून घ्या. सूत्रात शिरल्यावर ही चूक दिसत नाही.

## पायरी 2: खोक्याची तीन मापे x मध्ये लिहा

उंची म्हणजे वर दुमडलेल्या पट्टीची रुंदी, म्हणून ती x.

पुठ्ठ्याच्या 42 सेमीच्या कडेवर दोन कोपरे आहेत. दोन्ही कोपऱ्यांतून x एवढा भाग जातो, म्हणून तळाची लांबी 42 − 2x. तसेच तळाची रुंदी 32 − 2x.

इथे 42 − x लिहिण्याची चूक इतक्या वेळा होते की तिच्यासाठी वेगळी तपासणी ठेवावी. x = 1 घ्या. प्रत्येक कोपऱ्यातून 1 सेमीचा चौरस गेला, तर तळ 40 × 30 उरायला हवा. तुमच्या सूत्रातून 41 × 31 आले, तर एक कोपरा विसरला आहात.

## पायरी 3: प्रांत ठरवा, घनफळाचे सूत्र मांडण्याआधी

खोके खरोखर बनायचे असेल तर तिन्ही मापे शून्यापेक्षा मोठी हवीत. एकत्र नाही, प्रत्येक माप स्वतंत्रपणे. म्हणून तीन अटी लिहू:

x > 0

42 − 2x > 0, म्हणजे x < 21

32 − 2x > 0, म्हणजे x < 16

तिन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या असल्याने 16 पेक्षा लहान असणारा x आपोआप 21 पेक्षाही लहान असतो. दुसरी अट तिसरीत सामावून जाते. उरतो तो प्रांत:

0 < x < 16

वरची मर्यादा नेहमी लहान बाजूच्या निम्मी असते. याचे कारण आकृतीतच दिसते. रुंदीच्या दोन टोकांकडून चौरस आत सरकत येतात आणि 16 सेमीवर एकमेकांना भिडतात, तेव्हा लांबीच्या दिशेने अजून 10 सेमी जागा मोकळी असते. पण तळाला रुंदीच उरली नसेल तर त्या मोकळ्या जागेचा उपयोग नाही.

प्रांताच्या दोन चुका मला वारंवार दिसतात. पहिली चूक म्हणजे मोठ्या बाजूवरून मर्यादा काढून 0 < x < 21 लिहिणे. ही पायरी 6 मध्ये पकडली जाईल.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. "घनफळ धन असले पाहिजे" एवढीच अट घालून प्रांत काढायचा, असे काहींना वाटते. x = 22 घेऊन बघा. लांबी 42 − 44 = −2, रुंदी 32 − 44 = −12, आणि गुणाकार 22 × (−2) × (−12) = 528. दोन ऋण मापांचा गुणाकार धन झाला आणि अस्तित्वातच नसलेल्या खोक्याला 528 घन सेमी घनफळ मिळाले. x = 30 घेतला तर 30 × (−18) × (−28) = 15120 येते. आपले खरे उत्तर 3600 येणार आहे, त्याच्या चौपटीहून हा आकडा मोठा. x आणखी वाढवला तर तो वाढतच जातो. म्हणजे प्रांत ठरवला नाही तर या प्रश्नाला महत्तम मूल्यच उरत नाही. म्हणून प्रांत हा प्रश्नाचाच भाग समजायचा, उत्तराखालची तळटीप नव्हे.

टोकांचे काय? x = 0 म्हणजे काहीच कापले नाही आणि पुठ्ठा सपाटच राहिला. x = 16 म्हणजे तळाची रुंदी शून्य झाली. दोन्ही ठिकाणी खोके नाही, म्हणून टोके वगळून 0 < x < 16 लिहिणे योग्य. काही जण 0 ≤ x ≤ 16 असे टोकांसह घेतात. तेही चालते, कारण टोकांवर घनफळ शून्य येते आणि शून्य कधी महत्तम ठरणार नाही. टोकांसह घेतल्याचा एक फायदा आहे, तो पायरी 7 मध्ये येईल. काहीही निवडा, पण अर्ध्यावर बदलू नका.

तपासणी: प्रांतातली एक किंमत आणि प्रांताबाहेरची एक किंमत तिन्ही मापांत घालून बघा. x = 10 ला मापे 10, 22 आणि 12, सगळी धन. x = 17 ला रुंदी −2. प्रांत बरोबर.

## पायरी 4: घनफळाचे सूत्र मांडा आणि विस्तार करा

V(x) = x(42 − 2x)(32 − 2x)

आधी दोन कंसांचा गुणाकार: 1344 − 84x − 64x + 4x², म्हणजे 4x² − 148x + 1344. त्याला x ने गुणून:

V(x) = 4x³ − 148x² + 1344x

विस्तार न करता गुणाकाराच्या नियमानेही विकलज काढता येतो. पण तीन अवयव असल्याने एखादे पद सुटते, म्हणून विस्तारच बरा.

तपासणी: पुन्हा x = 1. मूळ सूत्रात 1 × 40 × 30 = 1200. विस्तारात 4 − 148 + 1344 = 1200. दोन्ही जुळले नाहीत तर पुढे जाऊ नका. मधल्या पदाचे चिन्ह किंवा 84 आणि 64 ची बेरीज चुकलेली असते.

## पायरी 5: विकलज शून्य करा

V′(x) = 12x² − 296x + 1344

12, 296 आणि 1344 या तिन्हींना 4 ने भाग जातो. 4 बाहेर काढा, आकडे हाताळायला सोपे होतात:

V′(x) = 4(3x² − 74x + 336)

आता 3x² − 74x + 336 = 0 सोडवायचे. विवेचक 74² − 4 × 3 × 336 = 5476 − 4032 = 1444, आणि 1444 हा 38 चा वर्ग. म्हणून

x = (74 + 38)/6 = 56/3, म्हणजे सुमारे 18.67

किंवा

x = (74 − 38)/6 = 6

विवेचक पूर्ण वर्ग आला, कारण मी आकडे तसे निवडले. एरवी वर्गमूळ दशांशात येईल आणि ते अगदी नेहमीचे आहे. दशांश आला म्हणून चुकलो असे समजून परत मागे जाऊ नका.

लक्षात ठेवा: पुठ्ठा चौरस असेल तर x बाजूच्या एक षष्ठांश येतो. हे पाठ असलेले लोक आयतावरही तेच लावतात. आपल्या पुठ्ठ्यावर 42/6 = 7 आणि 32/6 ≈ 5.33. खरे उत्तर 6, म्हणजे दोन्ही चूक. आणि दोन्हींची सरासरी 6.17 हेही उत्तर नाही.

## पायरी 6: प्रांताशी ताडून एक किंमत नाकारा, कारणासह

x = 6 हा 0 आणि 16 च्या मध्ये आहे, म्हणून तो ठेवू. x = 56/3 हा 16 पेक्षा मोठा आहे, म्हणून प्रांताबाहेर. उत्तरात असे लिहावे: "x = 56/3 घेतल्यास तळाची रुंदी 32 − 112/3 = −16/3 सेमी येते. रुंदी ऋण असू शकत नाही, म्हणून ही किंमत ग्राह्य नाही."

पायरी 3 मध्ये ज्यांनी 0 < x < 21 लिहिले, त्यांची आता पंचाईत होते. 18.67 हा 21 पेक्षा लहान आहे, म्हणजे त्यांच्या प्रांतात तो बसतो. काही जण मग द्वितीय विकलज काढतात, तो तिथे धन येतो, आणि "इथे लघुत्तम आहे" म्हणून किंमत सोडून देतात. शेवटी उत्तर बरोबर येते, पण कारण चुकते. त्या x ला घनफळ सुमारे −464.6 येते. ऋण घनफळाला सर्वांत लहान खोके म्हणण्यात अर्थ नाही.

मोठी किंमत दर वेळी बाहेर पडते हा योगायोग नाही. V(x) मधले तीन अवयव अनुक्रमे x = 0, x = 16 आणि x = 21 ला शून्य होतात. 0 ला शून्यावरून निघालेला आलेख 16 ला पुन्हा शून्यावर येतो, म्हणजे मध्ये कुठेतरी तो वळलाच पाहिजे आणि तिथे विकलज शून्य. तसेच 16 आणि 21 च्या मध्येही तो एकदा वळतो. V′ हे वर्गसमीकरण असल्याने त्याला दोनच मुळे. म्हणून एक मूळ लहान बाजूच्या निम्म्याच्या अलीकडे आणि दुसरे पलीकडे, कोणत्याही आयतासाठी. दोन्ही मुळे प्रांतात पडली किंवा एकही पडले नाही, तर आकडेमोड चुकली असे खुशाल समजा.

चौरस पुठ्ठ्यात 16 आणि 21 सारखे दोन वेगळे बिंदू नसतात. तिथे मोठे मूळ नेमके बाजूच्या निम्म्यावर, म्हणजे प्रांताच्या टोकावर येते.

## पायरी 7: 6 ला महत्तमच आहे हे दाखवा

विकलज शून्य आहे एवढ्याने काम होत नाही. तीन मार्ग आहेत, कोणताही एक पुरेसा.

सर्वांत स्वच्छ मार्ग V′ च्या चिन्हाचा. V′(5) = 300 − 1480 + 1344 = 164, धन. V′(7) = 588 − 2072 + 1344 = −140, ऋण. संपूर्ण प्रांतात V′ शून्य होतो तो फक्त 6 ला, म्हणून 0 ते 6 मध्ये घनफळ सतत वाढते आणि 6 ते 16 मध्ये सतत घटते. 6 च्या तोडीची दुसरी जागा प्रांतात नाही.

दुसरा मार्ग टोकांसह प्रांत घेणाऱ्यांचा, आणि त्यांचा फायदा इथे होतो. बंद अंतरालावर सलग फलाला महत्तम मूल्य असतेच. ते टोकांवर किंवा विकलज शून्य असलेल्या ठिकाणी मिळते. म्हणून तीनच किमती बघायच्या: V(0) = 0, V(6) = 3600, V(16) = 0. काम संपले.

तिसरा मार्ग द्वितीय विकलजाचा. V″(x) = 24x − 296, आणि V″(6) = −152, ऋण. सगळे हाच मार्ग धरतात, पण त्याने सिद्ध होते ते इतकेच की 6 च्या आसपासच्या किमतींमध्ये 6 वरचढ आहे. दूरवर काय चालले आहे ते हा मार्ग सांगत नाही. म्हणून "प्रांतात V′ चे हे एकच शून्यस्थान आहे" हे वाक्य त्याला जोडावेच लागते.

सूत्रावर विश्वास बसत नसेल तर थोड्या किमती काढून पाहा:

| x (सेमी) | तळ (सेमी) | घनफळ (घन सेमी) |
|---|---|---|
| 2 | 38 × 28 | 2128 |
| 4 | 34 × 24 | 3264 |
| 5 | 32 × 22 | 3520 |
| 6 | 30 × 20 | 3600 |
| 7 | 28 × 18 | 3528 |
| 10 | 22 × 12 | 2640 |
| 14 | 14 × 4 | 784 |

उत्तर मागितल्याप्रमाणे पूर्ण लिहा: चौरसाची बाजू 6 सेमी, खोके 30 × 20 × 6 सेमी, महत्तम घनफळ 3600 घन सेमी, म्हणजे 3.6 लिटर. प्रश्नात खोक्याची मापे विचारली असताना "x = 6" वर थांबणे ही शेवटच्या ओळीतली चूक.

## पायरी 8: तळ आणि भिंती यांची तपासणी

ही तपासणी फारशी कोणी सांगत नाही आणि सर्वांत उपयोगी हीच आहे. घनफळ महत्तम असते तेव्हा तळाचे क्षेत्रफळ चारही भिंतींच्या एकत्र क्षेत्रफळाएवढे असते. आपल्या खोक्याचा तळ 30 × 20 = 600 चौ. सेमी. दोन भिंती 30 × 6 आणि दोन 20 × 6, म्हणजे 180 + 180 + 120 + 120 = 600 चौ. सेमी. जुळले.

असे का होते? चौरस अगदी किंचित मोठा केला, म्हणजे x किंचित वाढवला, तर दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. खोके वर वाढते आणि तळावर एक पातळ थर चढल्याइतके घनफळ मिळते. त्याच वेळी चारही भिंती तेवढ्याच अंतराने आत सरकतात आणि प्रत्येक भिंतीला लागून एक पातळ थर हरवतो. मिळणारा थर तळाच्या क्षेत्रफळावर ठरतो, हरवणारे थर भिंतींच्या क्षेत्रफळावर. तळ मोठा असेपर्यंत x वाढवण्यात फायदा, भिंती मोठ्या झाल्या की तोटा. दोन्ही सारखे झाले की तिथेच थांबायचे. V′ = 0 हे समीकरण नेमके हेच सांगते.

यामुळे तपासणीला दिशाही मिळते. x = 5 ला तळ 704 आणि भिंती 540, तळ मोठा, म्हणून x वाढवा. x = 8 ला तळ 416 आणि भिंती 672, म्हणून x घटवा. विकलज न काढताही कोणत्या बाजूला सरकायचे ते कळते.

आणखी एक झटपट अंदाज: x नेहमी लहान बाजूच्या एक षष्ठांश आणि एक चतुर्थांश यांच्या दरम्यान असतो. चौरसाला एक षष्ठांश. पुठ्ठा लांबच लांब होत जाईल तसतसा x एक चतुर्थांशाकडे सरकतो. आपल्याकडे 32/6 ≈ 5.33 आणि 32/4 = 8, आणि 6 त्यांच्या मध्ये. उत्तर या पट्ट्याबाहेर आले तर पायरी 4 पासून पुन्हा बघा.

## पायरी 9: कोणत्याही मापाचा पुठ्ठा, आणि प्रत्यक्ष कापणे

मोठी बाजू a आणि लहान बाजू b असेल तर वरचीच कृती केल्यावर मिळते:

x = (a + b − √(a² − ab + b²)) / 6,  प्रांत 0 < x < b/2

वर्गमूळापुढचे चिन्ह वजा. अधिक घेतले की पायरी 6 मधले नको असलेले मूळ हाती येते.

A4 कागद 29.7 × 21 सेमी असतो. तो घालून बघू. a + b = 50.7, आणि वर्गमूळातली राशी 882.09 − 623.7 + 441 = 699.39, तिचे वर्गमूळ सुमारे 26.446. म्हणून x ≈ 24.254/6 ≈ 4.04 सेमी, आणि घनफळ सुमारे 1128.5 घन सेमी. आता सरळ 4 सेमी घेतले तर? 4 × 21.7 × 13 = 1128.4. फरक 0.1 घन सेमीचा. महत्तमाच्या आसपास आलेख जवळजवळ सपाट असतो, म्हणून x मध्ये किंचित फरक पडला तरी घनफळ फारसे बदलत नाही. आपल्या 42 × 32 च्या पुठ्ठ्यावर x मध्ये 2 मिमीची चूक झाली तरी घनफळ सुमारे 3 घन सेमीने कमी होते, म्हणजे एक हजारांशाहूनही कमी. दशांशाच्या चौथ्या स्थळापर्यंत उत्तर काढून पट्टीने कापणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

चारही चौरस एकमेकांसारखे असण्याला मात्र सूट नाही. एक चौरस 6 सेमीचा आणि दुसरा 5.6 सेमीचा झाला तर भिंतींच्या कडा जुळत नाहीत. म्हणून चौरस एकेक करून आखू नका. चारही कडांपासून आत 6 सेमीवर कडेला समांतर पूर्ण लांबीच्या रेषा ओढा. त्या एकमेकींना छेदतील तिथे तळाचे कोपरे आणि बाहेर आपोआप चार चौरस मिळतात.

तपासणी: कापण्यापूर्वी आतल्या आयताचे दोन्ही कर्ण मोजा. 30 × 20 साठी ते सुमारे 36.1 सेमी येतात. दोघांत फरक पडला तर आखणी तिरकी आहे.

चौरस कापा, मग घडीच्या रेषांवर पट्टी धरून शाई संपलेले बॉलपेन दाबून फिरवा, म्हणजे खाच पडते आणि घडी सरळ येते. क्रम उलटा केला तर कात्री खाचेवरून घसरून तळात शिरते. जाड पुठ्ठ्याची घडी स्वतःची थोडी जागा खाते, म्हणून आतली मापे हिशोबापेक्षा किंचित कमी भरतात. गणितात पुठ्ठ्याची जाडी शून्य धरलेली असते.

## पायरी 10: जादा अट आली की प्रांत पुन्हा लिहा

प्रश्नात एखादे वाक्य जास्तीचे असते आणि सगळा खेळ त्यावर ठरतो. समजा, "खोक्याची उंची 5 सेमीपेक्षा जास्त नसावी." प्रांत आता 0 < x ≤ 5 झाला. V′ शून्य होतो तो 6 ला, म्हणजे प्रांताबाहेर. इथे गोंधळून "उत्तर नाही" असे लिहिणारे असतात. पण नव्या प्रांतात V′ सर्वत्र धन आहे, म्हणजे घनफळ वाढतच जाते. म्हणून महत्तम मूल्य उजव्या टोकावर: x = 5, तळ 32 × 22, घनफळ 3520 घन सेमी. आता 5 हे टोक प्रांतात आहे, कारण तिथे खरे खोके बनते. मूळ प्रांतातले 16 हे टोक तसे नव्हते. म्हणून इथे ≤ आणि तिथे <.

उंची किमान 8 सेमी हवी असे म्हटले तर प्रांत 8 ≤ x < 16. तिथे V′ सर्वत्र ऋण असल्याने महत्तम मूल्य डाव्या टोकावर, x = 8 ला, 3328 घन सेमी. तळ आणि भिंती सारख्या असण्याची तपासणी या दोन्ही वेळी जुळणार नाही, आणि जुळायलाही नको. ती फक्त V′ = 0 असतानाच लागू होते.

सर्वांत जास्त चुका होतात त्या अट x वर नसून तळावर असते तेव्हा. "तळाची लांबी रुंदीच्या किमान दुप्पट असावी" हे घ्या. आधी अट x मध्ये आणा:

42 − 2x ≥ 2(32 − 2x)

42 − 2x ≥ 64 − 4x

2x ≥ 22, म्हणजे x ≥ 11

उजवीकडचा कंस सोडताना −4x च्या जागी −2x लिहिले की x निघून जातो आणि 42 ≥ 64 असे अशक्य विधान उरते. तसे झाले तर कंस पुन्हा सोडवा. मूळ प्रांताशी जोडून नवा प्रांत 11 ≤ x < 16. त्यात V′ ऋण आहे (V′(11) = −460), म्हणून x = 11, तळ 20 × 10, उंची 11 आणि महत्तम घनफळ 2200 घन सेमी.